पायरीवरचा तिसरा माणूस

जानेवारी उजाडला की वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गांत प्रकल्पांची धावपळ सुरू होते. विषय बहुतेक वेळा घराजवळचा असतो, ‘परिसरातील किराणा दुकानांच्या ग्राहकांचे समाधान’ किंवा त्याच्या आसपासचा. रात्री दहा वाजता एक गूगल फॉर्म तयार होतो, वर्गाच्या, सोसायटीच्या आणि मावसभावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शंभर उत्तरं जमतात. अहवालात नमुना शंभर जणांचा, पद्धत सोयीची, एवढी नोंद होते आणि पुढची पानं आलेखांनी भरतात.

या शंभर जणांत सर्वांत जास्त भरणा असतो वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींचा. त्यांना दुकानातलं चॉकलेट, बिस्किट आणि मोबाइलचं रिचार्ज ठाऊक असतं. घरात तूरडाळ कोणत्या दुकानातून येते, ती किलोनं येते की पाव किलोनं, पैसे लगेच दिले जातात की वहीत मांडले जातात, हे मात्र त्यांच्या आईला किंवा आजोबांना ठाऊक असतं. तो फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

उत्तरं खूप आली म्हणजे चित्र खरं असतं, हा समज फार जुना आणि फार महागात पडलेला आहे. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या आणि तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन आरामात जिंकतील असं भाकीत केलं गेलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. पत्ते घेतले होते ते मोटारमालकांच्या आणि टेलिफोनधारकांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात. शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी घेणारे लोकही एका बाजूला झुकलेले होते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.

म्हणून चांगले शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात, फॉर्म बाजूला ठेवा आणि दुकानाच्या दारात जाऊन उभे राहा. सल्ला योग्यच आहे. पण दारात उभं राहिल्यावर एक वेगळा फसवा हिशोब सुरू होतो, आणि तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच नीट उलगडून दाखवलेला असतो.

एक दुकान समोर ठेवू. तालुक्याच्या गावातलं, एसटी स्टँडापासून दोन गल्ल्या आत, सकाळी आठला उघडणारं, दुपारी बंद राहून पुन्हा संध्याकाळी पाच ते नऊ चालणारं. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण दुकानदारांशी बोललं तर असंच काहीसं चित्र निघतं. या दुकानाची गिऱ्हाइकं तीनशे घरं. त्यांतल्या शंभर घरांतून रोज कोणीतरी येतं, दुधाची पिशवी, पाव किलो साखर, कोथिंबिरीची जुडी. शंभर घरं आठवड्यातून एकदा येतात. उरलेली शंभर घरं महिन्याच्या सुरुवातीला यादी घेऊन येतात, अख्ख्या महिन्याचं सामान भरतात आणि मग महिनाभर फिरकत नाहीत.

आता महिनाभरात या पायरीवर पावलं किती पडतात ते मोजायचं. रोजची शंभर घरं तीन हजार वेळा येतात, आठवड्याची चारशे वेळा, महिन्याची शंभर वेळा. एकूण साडेतीन हजार. त्यांतली तीन हजार रोजच्यांची, म्हणजे शंभरातली सुमारे ८६. विद्यार्थिनीनं कितीही प्रामाणिकपणे, कसलीही निवड न करता शंभर जणांना गाठलं, तरी तिच्या वहीत ८६ रोजचे, ११ आठवड्याचे आणि फक्त तीन महिन्याचे असणार. घरं मात्र तिन्ही प्रकारची सारखीच आहेत. दारात उभं राहून मिळतो तो भेटींचा नमुना. अहवालात तो घरांचा नमुना म्हणून छापला जातो.

यात दुकानदाराचं नुकसान कसं आहे, ते गल्ल्याकडे पाहिलं की कळतं. रोजच्या घराची सरासरी खरेदी साठ रुपयांची धरली तर महिन्याला अठराशे होतात. आठवड्याचं घर दर वेळी चारशे रुपयांचं नेतं, म्हणजे सोळाशे. महिन्याचं घर एकाच खेपेला तीन हजारांचं नेतं. विक्रीचा जवळपास निम्मा भाग ज्या घरांकडून येतो, ती घरं सर्वेक्षणाच्या शंभर उत्तरांत तीन जागा मिळवतात. आणि मॉलमधल्या मोठ्या दुकानाकडे वळण्याची शक्यता सर्वांत जास्त याच घरांची असते, कारण एवढी मोठी यादी घेऊन दूर जाणं त्यांना परवडतं.

हा झुकाव दुरुस्त करता येतो, आणि त्याची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे. बहुतेक प्रश्नावल्यांत विचारलेलं असतं, ‘आपण किराणा दुकानास किती वारंवारतेने भेट देता?’ असं मराठी कोणी बोलत नाही, आणि त्यावर येणारं उत्तरही ‘नेहमीच’ किंवा ‘लागेल तसं’ असं असतं. त्याऐवजी विचारावं, ‘आजच्या आधी तुमच्या घरातून या दुकानात कोणी शेवटचं कधी आलं होतं?’ याचं उत्तर माणसाला आठवतं. काल. गेल्या रविवारी. पगाराच्या दिवशी. मनातल्या मनात सरासरी काढायची गरज पडत नाही.

या उत्तरातला दिवसांचा आकडा हेच त्या उत्तराचं वजन. काल आलेल्याचं उत्तर एक म्हणून मोजायचं, आठवड्यापूर्वी आलेल्याचं सात म्हणून, महिन्यापूर्वी आलेल्याचं तीस म्हणून. जो तीसपट कमी वेळा भेटतो, त्याचा शब्द तीसपट मोजला की तराजू सरळ होतो. आपल्या उदाहरणात ८६ ला एकनं, ११ ला सातनं आणि तीनला तीसनं गुणलं तर ८६, ७७ आणि ९० येतात. प्रत्येक गटाला साधारण तिसरा हिस्सा मिळाला, जसा खऱ्या घरांत होता. पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाला मागची तारीख नसते, त्याची नोंद वेगळी ठेवायची.

फरक किती पडतो? समजा प्रश्न असा होता की दुकानानं सामान घरपोच द्यावं का. रोजच्या ८६ पैकी १७ जण हो म्हणाले, आठवड्याच्या ११ पैकी सहा जण, आणि महिन्याचे तिघंही. सरळ मोजणीत २६ टक्के होकार निघतो. कोणताही दुकानदार म्हणेल, एवढ्यासाठी मुलगा आणि गाडी कशाला ठेवायची. वजन देऊन मोजलं तर २५३ पैकी १४९ होतात, म्हणजे ५९ टक्के.

इथे थांबून आनंद मानायची घाई करू नये. त्या तिघांपैकी एकानं जरी ‘नको’ म्हटलं असतं, तर ५९ चे थेट ४७ टक्के झाले असते. एका माणसाच्या मूडवर बारा टक्के हलतात. नमुन्याचं गणित हे मोजून दाखवतं. सगळ्या वजनांच्या बेरजेचा वर्ग करायचा आणि त्याला प्रत्येक वजनाच्या वर्गांच्या बेरजेनं भागायचं. ढोबळ मानानं तेवढाच नमुना आपल्या हाती खरा असतो. इथे उत्तर येतं एकोणीस. शंभर जणांना विचारलं, पण घरांबद्दल बोलायचं झालं तर हाती एकोणीस जणांएवढीच माहिती आली. शंभर जणांच्या साध्या नमुन्यात टक्केवारी दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. एकोणीस जणांवर ती बावीस-तेवीस टक्के इकडे-तिकडे होते. वजनं झुकाव काढतात, पण भेटलेच नाहीत अशा माणसांची जागा भरून काढत नाहीत.

मग महिन्याची घरं जास्त संख्येनं गाठायची कशी? दुकानदाराकडेच त्याची वाट असते. महिन्याचं सामान नेणाऱ्यांच्या याद्या त्याच्या वहीत किंवा आता व्हॉट्सअॅपवर असतात. शंभर नावं असतील तर त्यांवर एक ते शंभर आकडे घालायचे, एक ते चारमधली एक चिठ्ठी उचलायची आणि तिथून दर चौथं नाव घ्यायचं. चिठ्ठीत तीन निघाला तर तिसरं, सातवं, अकरावं, असं करत पंचवीस घरं होतात. नावं आणि फोन नंबर परस्पर विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे नाहीत. आधी दुकानदारानं विचारावं, ‘कॉलेजची मुलं दहा मिनिटं बोलतील, चालेल का?’ आणि हो आला तरच पुढे जावं. कितींनी नाही म्हटलं तेही लिहून ठेवावं.

म्हणजे गिऱ्हाइकांच्या दोन राशी झाल्या, एक वहीतल्या यादीची, दुसरी पायरीवरची. गट आधी पाडून प्रत्येकातून स्वतंत्र नमुना घेण्याच्या या पद्धतीला स्तरीकृत नमुना म्हणतात. काळजी एकच घ्यायची. पायरीवर भेटलेल्या माणसाला विचारायचं की तुमची महिन्याची यादी इथे असते का, आणि असेल तर त्याला दुसऱ्यांदा मोजायचं नाही.

पायरीवरच्या निवडीला मात्र शिस्त लागते. मोकळं सोडलं तर विद्यार्थी नकळत हसऱ्या चेहऱ्याचे, आपल्या वयाचे, हातात पिशव्या नसलेले लोक निवडतात. डोक्यावर पीठ दळून आणलेला डबा आणि कडेवर मूल असलेल्या बाईला कोणी थांबवत नाही. माणसाचा डोळा निवड करताना वाकडा जातो, हे भारतीय संख्याशास्त्रात शेताच्या बांधावर सिद्ध झालेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांचा अभ्यास केला. पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेतात छोटासा तुकडा आखून तेवढंच कापलं जाई. तुकडा फार लहान असला की उत्पन्नाचा अंदाज जास्त निघतो, असं त्यांनी दाखवलं. कारण कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानानं कड जास्त. यात लबाडी कोणाचीच नव्हती.

दुकानाच्या दारात हा हात रोखायचा उपाय म्हणजे एक रेघ आणि दोन माणसं. पायरीच्या कडेला मनात एक रेघ आखायची. एका विद्यार्थ्यानं फक्त मोजायचं, माल घेऊन रेघ ओलांडून बाहेर पडणारा दर तिसरा माणूस दुसरीला दाखवायचा. दुसरीनं त्याच्याशीच बोलायचं. तिसरा माणूस चिडलेला असो, घाईत असो, ओळखीचा असो, त्याच्याऐवजी चौथा घ्यायचा नाही. त्यानं नकार दिला तर कागदावर वेळ, स्त्री की पुरुष, अंदाजे वय आणि ‘नकार’ एवढं लिहायचं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. मुलाखत चालू असताना पुढचा तिसरा माणूस निसटला तर तीही नोंद करायची. लहान मुलगा चिठ्ठी घेऊन आला असेल तर त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, पण तो आला होता हे लिहायचं. संध्याकाळच्या गर्दीत अशी किती मुलं येतात, हे आठवडाभरात आपोआप कळतं.

वेळाही चिठ्ठीनंच ठरवायच्या. कॉलेज सुटल्यावर दुपारी साडेबारा ते दोन ही मुलांची सोयीची वेळ, आणि नेमकं तेव्हा दुकान बंद व्हायच्या बेतात असतं. दिवसाचे चार भाग पाडले, सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन, तर तीस दिवसांचे १२० तुकडे होतात. त्यांतून बारा चिठ्ठ्या काढल्या की बारा वेळा उभं राहायचं. या दुकानात दिवसाला ११५-१२० पावलं पडतात, म्हणजे एका भागात सरासरी तीसेक. दर तिसरा धरला तर दहा जणांना विचारणं होतं, आणि बारा खेपांत सुमारे १२० जणांना. नकार आणि मुलं वजा जाता ऐंशीच्या आसपास मुलाखती मिळाल्या तरी काम चांगलं झालं.

आता त्या माणसाला विचारायचं काय, आणि कोणत्या शब्दांत?

पहिली गोष्ट जागेची. काउंटरला टेकून, दुकानदार ऐकत असताना ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. गावात दुकानदार हा शेजारी असतो, कधी नात्यातला असतो, आणि अडीअडचणीला सामान देणारा असतो. त्याच्यासमोर कोणी वाईट बोलत नाही. दहा-पंधरा पावलं लांब, झाडाखाली किंवा पुढच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की तीच बाई सांगते की शेंगदाण्यात खडे निघतात.

दुसरी गोष्ट एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबण्याची. ‘इथला माल ताजा आणि स्वस्त असतो का?’ यावर ‘हो’ म्हणणाऱ्यानं कशाला हो म्हटलं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. ताजा आणि महाग असं ज्याचं मत आहे, त्याला उत्तराला जागाच नाही. फुटक्या डब्यांतून पीठ एकमेकांत मिसळावं तसं होतं आणि मग आकडेवारीची कितीही चाळणी लावली तरी ते वेगळं होत नाही.

‘समाधानी’ हा शब्दही कागदावरचा आहे. पाच पायऱ्यांचं माप लावून ‘पूर्णतः असमाधानी’पासून ‘पूर्णतः समाधानी’पर्यंत वाचून दाखवलं की बहुतेक लोक म्हणतात, ‘बरं आहे की.’ हे ‘बरं’ तीनच्या खाली धरायचं की वर, हे मुलाखत घेणारी स्वतःच ठरवते, आणि तिथेच उत्तर तिचं होऊन जातं. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. गेल्या खेपेला हवी असलेली एखादी वस्तू इथे मिळाली नाही, असं झालं का? कोणती? मग ती कुठून आणली? माल परत करायची वेळ कधी आली का, आणि त्यानं घेतला का? चार घटना विचारल्या की समाधानाचं माप विश्लेषकाला स्वतः बांधता येतं.

उधारीचा प्रश्न सर्वांत नाजूक. ‘आपण उधार घेता का?’ असं विचारलं की माणूस दुखावतो आणि ‘छे, रोख’ म्हणतो. आज पैसे कसे दिले असं विचारून सगळे पर्याय एका दमात, सारख्याच आवाजात वाचावेत. रोख, यूपीआय, वहीत मांडलं, पगाराला देणार. ‘वहीत मांडलं’ हे रोजचं, बिनबोचऱ्या तोंडचं वाक्य आहे. आधी पर्याय ऐकला की तो सांगायला संकोच वाटत नाही.

उत्पन्नाचंही तसंच. अनेक प्रश्नावल्यांत ते दुसऱ्या क्रमांकावर असतं, आणि गट असतात ‘१०,००० ते २०,०००’ आणि ‘२०,००० ते ३०,०००’. बरोबर वीस हजार मिळवणाऱ्यानं कुठे खूण करायची? त्याहून मोठी अडचण अशी की रस्त्यावर उभ्या अनोळखी मुलीला कोणी खरा पगार सांगत नाही, आणि एकदा माणूस सावध झाला की पुढची उत्तरंही सावध येतात. भारतातल्या बाजारसंशोधन व्यवसायानं २०११ मध्ये घरांची नवी वर्गवारी आणली, तीत उत्पन्न विचारलंच जात नाही. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती, आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी, जसे पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, घरात किती आहेत, या दोन उत्तरांवरून घराचा वर्ग ठरतो. विद्यार्थ्यांना हे दोन प्रश्न शेवटी विचारता येतात आणि कोणाला ते खुपत नाहीत.

‘तुमच्या कुटुंबात किती माणसं?’ हा प्रश्न तर निरुपद्रवी वाटतो. पण पुण्याला शिकणारा मुलगा, गावी राहणारे आईवडील, वरच्या मजल्यावर वेगळा स्वयंपाक करणारा भाऊ, यांना मोजायचं की नाही? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं यासाठी एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं अशी कसोटी ठेवली आहे. मराठीत ती विचारणं सोपं आहे. ‘एका चुलीवर किती जण जेवता?’ म्हटलं की गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करणारी बाईही नेमका आकडा देते. किराण्याच्या सर्वेक्षणात हवं असतं तेही हेच, कारण डाळ त्या चुलीवर शिजते.

प्रश्नावली छापायच्या आधी ती आठ-दहा जणांवर करून पाहायची असते. हे लोक वर्गमित्र नकोत. दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या दारातले असावेत. प्रत्येक प्रश्न विचारून झाला की त्यांना म्हणायचं, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ ‘ब्रँडेड माल घेता का?’ याचा अर्थ एखादीनं ‘पॅकिंगचा माल’ असा सांगितला आणि दुसरीनं ‘टीव्हीवर जाहिरात येते तो’ असा, तर तो प्रश्न तिथेच मोडतो. घड्याळही लावायचं. हातात पिशवी घेऊन उभा माणूस पाच-सहा मिनिटं थांबतो. त्यापुढे तो काहीही उत्तर देऊन सुटका करून घेतो, आणि पाठोपाठच्या सगळ्या ओळींत एकाच रकान्यात खुणा दिसू लागल्या की हे ओळखता येतं.

एवढं सगळं केल्यावरही एक गट हाताबाहेर राहतो. जी घरं या दुकानात येणं सोडून गेली, ती पायरीवरही भेटत नाहीत आणि या महिन्याच्या यादीतही नसतात. दुकानदाराला खरं तर त्यांचंच म्हणणं ऐकायचं असतं. त्यांच्यासाठी आसपासच्या गल्ल्यांतून दर पाचव्या किंवा दहाव्या दारावर जावं लागतं, दार बंद असेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याचं सामान कुठून आणता, आणि आधी कुठून आणत होतात?’ विद्यार्थ्यांच्या एका सत्रात हे जमेलच असं नाही. जमलं नाही, तर अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावं की हे निष्कर्ष या दुकानात आज येणाऱ्यांचे आहेत, सोडून गेलेल्यांना विचारलेलं नाही, पायरीवर इतक्यांना थांबवलं, इतक्यांनी नकार दिला आणि इतकी मुलं चिठ्ठी घेऊन आली होती. दुकानदाराला निकाल सांगायला जातानाही हेच पान आधी वाचून दाखवावं. घरपोच सेवेसाठी मुलगा ठेवायचा की नाही, हे तो त्यानंतर ठरवेल.